शीर्षकात कबूल केलेलं व्हिडिओत कधी मिळतं? सुरुवातीच्या गळतीवरून ते कसं तपासायचं

नागपुरात महालात माझं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. होळी झाली की फोन सुरू होतात ते नवतपा संपेपर्यंत. त्यातले निम्मे प्रश्न तेच ते, म्हणून भाच्याच्या मदतीनं मी यूट्यूबवर छोटे व्हिडिओ टाकायला लागलो. एका व्हिडिओचं शीर्षक आम्ही ठेवलं होतं 'कूलरच्या पाण्याचा वास १० मिनिटांत घालवा'. थंबनेलवर हिरवट पाण्याची टाकी आणि नाक धरलेला भाचा. क्लिक भरपूर आले, पण लोक थांबेनात. ते का थांबत नव्हते हे शोधताना जी पद्धत हाती लागली, ती नव्यानं चॅनेल सुरू करणाऱ्यांसाठी इथे सगळ्या आकड्यांसकट लिहितो.

आधी कागदावर दोन ओळी लिहा

यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे आपल्या व्हिडिओंचे आकडे दाखवणारं पान, उघडायच्या आधीच हे करायचं. एकदा आलेख पाहिला की मन सबबी शोधायला लागतं.

पहिल्या ओळीत शीर्षक आणि थंबनेल मिळून पाहणाऱ्याला काय देऊ करतात ते लिहा. आपल्याला काय म्हणायचं होतं ते बाजूला ठेवा आणि अनोळखी माणूस काय समजेल तेवढंच लिहा. शब्दाशब्दानं वाचा. आमच्या शीर्षकात वचनं दोन होती. वास जाईल हे एक, आणि दहा मिनिटांत जाईल हे दुसरं. दुसरं वचन आपण दिलंय हे मला तोपर्यंत जाणवलंच नव्हतं, तो आकडा केवळ उठावदार दिसतो म्हणून घातला होता.

दुसऱ्या ओळीसाठी स्वतःचा व्हिडिओ घड्याळ घेऊन पाहा, आणि प्रत्येक वचन व्हिडिओत पहिल्यांदा कितव्या सेकंदाला पाळायला सुरुवात होते ते लिहा. 'पुढे आपण बघणार आहोत' असं म्हणणं म्हणजे पाळणं नव्हे. काम प्रत्यक्ष सुरू होतं ती वेळ धरायची. आमचा व्हिडिओ ८ मिनिटांचा होता. पहिले ८ सेकंद नमस्कार, मग २२ व्या सेकंदापर्यंत चॅनेलचं चिन्ह, संगीत आणि लाइक करा, मग ४० व्या सेकंदापर्यंत नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलणं. पुढे मागची जाळी काढणं, मोटरला तेल, पंपाची तपासणी. वासाचा विषय सुरू झाला ५:०५ ला. आणि 'दहा मिनिटांत' हे कुठेच नव्हतं, कारण ६:१० ला मी स्वतःच सांगत होतो की कूलरच्या गवताच्या ताट्या धुऊन रात्रभर वाळू द्या.

या दोन ओळी समोर ठेवूनच पुढचा आलेख वाचायचा आहे.

आलेख कुठे आहे आणि तो काय मोजतो

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये गेलात की 'Key moments for audience retention' या नावाचा आलेख दिसतो. आडव्या बाजूला व्हिडिओचा वेळ, उभ्या बाजूला त्या क्षणी किती टक्के लोक पाहतायत ते. व्हिडिओ किमान ६० सेकंदांचा असावा लागतो आणि त्याला किमान १०० व्ह्यूज लागतात, नाहीतर हा आलेख मिळत नाही. आकडे यायलाही एकदोन दिवस लागतात, म्हणून टाकल्या टाकल्या त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. शॉर्ट्सचा हिशेब निराळा आहे. तिथे लोक सरकवत पुढे जातात, म्हणून ही पद्धत लांब व्हिडिओंसाठीच वापरा.

३० व्या सेकंदाला किती टक्के लोक उरले हा आकडा स्टुडिओ वेगळा काढून देतं. त्यालाच तिथे Intro म्हटलंय. सरासरी किती पाहिलं यापेक्षा मला हा आकडा जास्त कामाचा वाटतो. सरासरी व्हिडिओच्या लांबीवर हलते, पण तीस सेकंद तीन मिनिटांच्या व्हिडिओतही तीसच आणि वीस मिनिटांच्याही तीसच.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढे तीच कामाला येते. ही रेषा फक्त खाली जात नाही, मध्येच वरही जाऊ शकते. कोणी पुढे उडी मारून एखाद्या जागी आलं, किंवा मागे नेऊन तोच भाग पुन्हा पाहिला, तर त्या क्षणाचं पाहणं वाढतं. रेषा वर गेली म्हणजे गेलेली माणसं घरून परत आली असं नसतं. त्या जागेत कोणीतरी काहीतरी शोधत होतं, एवढंच ती सांगते.

तुलना स्वतःच्याच चॅनेलशी करा

तीस सेकंदांना ४१ टक्के उरले, हे वाईट की बरं? एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. गाण्याचं चॅनेल, बातम्यांचं चॅनेल आणि कूलरचं चॅनेल यांचे प्रेक्षक वेगळ्या सवयीचे. दुसऱ्या कोणाचा 'चांगला' आकडा ऐकून स्वतःला मारून घेऊ नका. स्टुडिओ तुमच्याच अलीकडच्या, साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी तुलना दाखवतं, ती पाहा. आमचं नेहमीचं ६३ च्या आसपास असायचं. म्हणजे या व्हिडिओत नेहमीपेक्षा २२ नं जास्त गळती होती.

व्ह्यूज कमी असतील तर मात्र हात आवरा. १०० व्ह्यूजवर ४१ आणि ५० यांत फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, योगायोगानंही तेवढं इकडचं तिकडे होतं. हजाराच्या आसपास गेलात की तीनचार टक्क्यांपलीकडचा फरक खरा मानायला हरकत नाही. शिवाय पहिले शंभर व्ह्यूज बहुतेक नातेवाइकांचे असतात. घरच्या व्हॉट्सअॅप गटात लिंक टाकली की मावशी आणि काकू शीर्षक न वाचताच प्रेमानं शेवटपर्यंत बघतात. त्यांच्या पाहण्यावरून शीर्षकाची परीक्षा होत नाही. आम्ही तीन आठवडे थांबलो. तोवर १,२४० व्ह्यूज झाले होते.

आता वचनाची वेळ आलेखावर ठेवा

मुख्य काम हेच. कागदावर लिहिलेली वेळ आलेखावर शोधा आणि तिच्या आधी काय झालं, तिच्यापाशी काय झालं ते पाहा. आमच्या आलेखातल्या नोंदी अशा होत्या:

०:०८ ला ८४ टक्के
०:२५ ला ४६
०:३० ला ४१
१:०० ला ३३
३:०० ला २२
४:५० ला १८
५:२० ला २७

१,२४० चे ४१ टक्के म्हणजे साधारण ५०८. बाकीचे ७३२ अर्ध्या मिनिटात गेले. पण ते नेमके कुठे गेले? ०:०८ पर्यंतची घसरण आमच्या बाकीच्या व्हिडिओंसारखीच होती. खरा कडा तुटला तो ०:०८ ते ०:२५ मध्ये, म्हणजे संगीत आणि लाइक करा चाललं होतं तेव्हा.

याचा अर्थ लावताना मी असा विचार करतो. पहिल्या चारपाच सेकंदांतच रेषा कोसळली, तर लोकांना समोरचं दृश्य पाहताक्षणी 'हे ते नाही' असं वाटलं. तिथे दोष बहुधा थंबनेलचा किंवा भाषेचा असतो. मराठी शीर्षकाखाली हिंदीत बोललं किंवा उलट झालं की आमच्याकडे हे हमखास होतं. रेषा पहिले काही सेकंद टिकून मग घसरत गेली, तर माणसाला विषय पटलेला आहे, तो वाट बघतोय, पण हवं ते येत नाहीये. आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

पक्का पुरावा ५:२० ला होता. माझं लक्ष तिकडे नव्हतंच, भाच्यानं दाखवलं.

"मामा, इथं पाहा ना. लोकं सरळ पाच मिनिटं पुढं उडी मारून रायले."

"ते काहून?"

"वासाचं तिथूनच सुरू होते ना. मधलं कोणालेच नाही पाह्यचं."

१८ वरून २७, म्हणजे त्या जागी सुमारे ११० पाहणी वाढली. ज्या वचनासाठी क्लिक केलं ते लोक व्हिडिओत हातानं चाचपडत शोधत होते. आधी मोठी गळती आणि वचनाच्या जागी असा उंचवटा, या दोन खुणा एकत्र दिसल्या की तफावत आहे असं मी ठामपणे म्हणतो. नुसती गळती असेल तर एवढं ठामपणे म्हणत नाही. आवाज खराब असला, हात हलत असला तरी लोक जातात, पण मग पुढे उंचवटा सहसा दिसत नाही.

दुसऱ्या वचनाचीही खूण होतीच. ६:१० ला 'रात्रभर वाळू द्या' म्हटलं आणि पंधरा सेकंदांत रेषा २५ वरून १७ वर आली. दहा मिनिटांच्या आशेनं आलेले तिथे उठले. एका ताईंनी खाली लिहिलं होतं, "दादा, दहा मिनिटं म्हणाले आन् आता रात्रभर सांगता." त्यांचं बरोबर होतं.

चूक शीर्षकाची की व्हिडिओची?

तफावत सापडली तरी दुरुस्ती कुठे करायची हे ठरत नाही. शीर्षक व्हिडिओसारखं करता येतं किंवा व्हिडिओ शीर्षकासारखा. त्यासाठी गेलेली माणसं कोण होती हे पाहायचं.

प्रेक्षक कुठून आले याची यादी उघडा आणि प्रत्येक वाटेनं आलेल्यांचा सरासरी पाहण्याचा वेळ बघा. आमच्याकडे शोधून आलेले ६१० होते, सरासरी २ मिनिटं १० सेकंद. यूट्यूबच्या पहिल्या पानावर दिसलं म्हणून आलेले ३८०, सरासरी १ मिनिट ५ सेकंद. व्हॉट्सअॅप आणि इतर मिळून २५०, त्यांची सरासरी ३ मिनिटं.

शोधून आलेल्यांकडे सगळ्यात बारकाईनं पाहा. त्यांनी काय टाइप केलं तेही स्टुडिओत दिसतं, आणि आमच्या यादीत कूलर, पाणी, वास, बदबू हेच शब्द होते. म्हणजे शीर्षकात जे देऊ केलं तेच या लोकांना हवं होतं. तेसुद्धा आठ मिनिटांतली दोनच मिनिटं बघून जात असतील, तर शीर्षकानं चुकीची माणसं आणली असं म्हणता येत नाही. माणसं बरोबर आली होती, आम्ही त्यांना ताटकळत ठेवलं. उलट शोधून आलेले टिकले असते आणि फक्त पहिल्या पानावरून आलेले पळाले असते, तर मी शीर्षक आणि थंबनेल बदललं असतं, कारण मग जाळं फार पसरट टाकलं गेलं असा अर्थ झाला असता.

नवे प्रेक्षक आणि परत येणारे यांच्या रेषा वेगळ्या करूनही पाहता येतात. परत येणारे तुमच्या प्रस्तावनेला सरावलेले असतात आणि ती सहन करतात. तेही नेहमीपेक्षा जास्त गळत असतील तर सुरुवातच बिघडली आहे. आमचे दोघेही गळले होते.

दुरुस्ती, एका वेळी एकच

शीर्षक, थंबनेल आणि सुरुवात एकाच दिवशी बदललंत तर फरक कशानं पडला हे कधीच कळणार नाही. आम्ही आधी व्हिडिओ कापला. स्टुडिओतल्या Editor मध्ये आधीच प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओतला भाग काढता येतो. लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि प्रतिक्रियाही राहतात. नमस्काराचे पहिले काही शब्द ठेवून ५:०० पर्यंतचं सगळं काढलं. मोटरला तेल घालणारा भाग मला फार आवडत होता, पण त्यासाठी कोणी आलं नव्हतं. तो नंतर वेगळा व्हिडिओ म्हणून टाकला.

कापताना तीन गोष्टी सांभाळा. मूळ फाइल स्वतःकडे जपून ठेवा. बदल लागू व्हायला वेळ लागतो आणि तोवर लोकांना जुनाच व्हिडिओ दिसतो. आणि वर्णनात वेळा लिहिल्या असतील तर त्या सगळ्या चुकतात, त्या नव्यानं लिहा. शिवाय नंतरचा आलेख बघताना तारखा बदलाच्या पुढच्याच निवडा, नाहीतर जुनं आणि नवं मिसळतं. एक लाखावर व्ह्यूज गेलेला व्हिडिओ असेल आणि चॅनेल यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात नसेल, तर असं कापता येईलच असं नाही. तेव्हा शीर्षकच व्हिडिओला जुळतं करा आणि वर्णनात ०:०० पासून टप्पे लिहा, म्हणजे निदान शोधणाऱ्याला जागा सापडेल.

कापल्यावर वासाचं काम सहाव्या सेकंदाला सुरू होत होतं. पुढच्या हजारभर व्ह्यूजमध्ये तीस सेकंदांचा आकडा ४१ वरून ६६ वर गेला. त्यानंतरच शीर्षकाला हात लावला आणि 'कूलरच्या पाण्याचा वास असा घालवा' असं साधं केलं.

इथे एक मोजणी सांगतो, ती मला सगळ्यात उपयोगी पडली. नुसतं क्लिकचं प्रमाण पाहिलं तर खोटं शीर्षक जिंकतं, आणि नुसती गळती पाहिली तर असं शीर्षक जिंकतं ज्यावर कोणी क्लिकच करत नाही. म्हणून दोन्हींचा गुणाकार करा: थंबनेल हजार जणांना दिसलं तर किती जण अर्ध्या मिनिटापलीकडे राहिले?

मूळ व्हिडिओला क्लिकचं प्रमाण ९.१ टक्के होतं. हजारात ९१, त्यांचे ४१ टक्के म्हणजे ३७ माणसं. कापल्यावर क्लिक तेवढेच राहिले, पण ९१ चे ६६ टक्के म्हणजे ६०. साध्या शीर्षकावर क्लिक ६.४ वर उतरले, टिकणारे ७१ टक्के झाले, म्हणजे ४५ माणसं. हिशेबानं ते शीर्षक हरलं. तरी 'दहा मिनिटांत' परत लावायला मन होईना. ते खरं नव्हतं, आणि ६:१० ला उठून जाणाऱ्या माणसाचा पुढच्या व्हिडिओवरचा विश्वासही जातो. मग खरं होतं तेच आकड्याच्या जागी घातलं, 'कूलरच्या पाण्याचा वास एका रात्रीत घालवा'. क्लिक ७.८, टिकणारे ७० टक्के, म्हणजे ५५ माणसं. तेच शीर्षक आजही आहे.

हे शुद्ध प्रयोग नव्हेत. पहिली मोजणी एप्रिलमधली, शेवटची मेमधली. पारा ४५ कडे गेला की कूलर शोधणारा माणूस जास्त घाईत असतो. पाचसात टक्क्यांचा फरक मी म्हणूनच फार ताणत नाही. ४१ आणि ६६ मधला फरक मात्र ऋतूनं पडत नाही.

थंबनेल बदलायचं असेल तर स्टुडिओतच एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून तपासता येतात. तिथे निकाल क्लिकवर लागत नाही, पाहण्याच्या वेळेवर लागतो. यूट्यूबनं शिफारशींसाठी व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला २०१२ मध्येच सुरुवात केली. डिसेंबर २०२४ मध्ये तर शीर्षक किंवा थंबनेलमध्ये जे म्हटलंय ते व्हिडिओतच नाही अशा ठळक प्रकारांवर भारतात कारवाई वाढवण्याचं, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, त्यांनी जाहीर केलं. आमच्यासारखी उशिरा पाळलेली वचनं त्यात मोडत नाहीत, पण वचन कुठेच पाळलं नसेल तर कापाकापीनं भागणार नाही, हे लक्षात असू द्या.

गळती आहे, पण तफावत नाही

मे महिन्यात आम्ही आणखी एक व्हिडिओ टाकला, 'कूलरला वाळा लावावा की लाकडाचं गवत?' तीस सेकंदांना ४४ टक्के. भाचा घाबरला, मीही क्षणभर चपापलो. मग कागद काढला. वचन एकच होतं, दोनपैकी काय लावावं ते सांगणं, आणि मी ते १२ व्या सेकंदाला सांगून टाकलं होतं: सुवास हवा असेल आणि पैसे घालायची तयारी असेल तर वाळा, नाहीतर गवत. रेषा १२ व्या सेकंदापर्यंत नेहमीपेक्षा वर होती आणि उत्तर मिळाल्यावर, १५ च्या पुढे पडली. पुढे कुठेही उंचवटा नव्हता, कोणी काही शोधत नव्हतं. लोक उत्तर घेऊन बाजारात गेले होते.

दोन्ही व्हिडिओंचा तीस सेकंदांचा आकडा जवळजवळ सारखा, ४१ आणि ४४. एकात लोक वचन पाळायच्या आधी गेले, दुसऱ्यात पाळल्यानंतर. त्या दुसऱ्या व्हिडिओचं शीर्षक आणि सुरुवात आम्ही तशीच ठेवली. फक्त १२ व्या सेकंदाच्या उत्तरानंतर एक वाक्य घातलेली नवी प्रत पुढच्या मोसमासाठी तयार केली आहे: 'गवत घेताना ते ओलसर आहे का हे कसं ओळखायचं ते आता दाखवतो.' मार्चमध्ये ती टाकली की १५ व्या सेकंदानंतरची रेषा पुन्हा पाहीन.